दोरी पायात अडकते, चूक हातात असते

दोरीवरच्या उड्या मारताना दोरी अडकते ती पायात. म्हणून शिकणारा पायांकडे बघतो, शिकवणाराही पायांकडेच बघतो, आणि मैदानावर हमखास एकच सूचना ऐकू येते : 'अजून उंच उडी मार!' मूल उंच उडी मारतं, चार-सहा उड्यांत दमतं आणि दोरी पुन्हा अडकते. पाय जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचलले गेले, तरी दोरी आरामात खालून जाते. एवढी उडी चालता येणाऱ्या कोणत्याही मुलाला मारता येते. अडचण असते ती दोरी फिरवणाऱ्या हातांची, आणि हात-पायांच्या वेळेच्या जुळणीची.

हे एकदा ध्यानात आलं की दोरी शिकवण्याचा सगळा क्रमच बदलतो. साध्या उडीपासून 'क्रॉस'पर्यंत, म्हणजे हातांची फुली करून मारायच्या उडीपर्यंत, पायांचं काम जवळजवळ सारखंच राहतं. बदलत जातं ते हातांचं काम. पायांनी एक ताल पक्का धरायचा आणि त्या तालाला धक्का न लावता हातांना एकेक नवी गोष्ट शिकवायची. सहावीच्या वर्गासाठी आठवड्याला दोन तासिका धरल्या, तर सहा आठवड्यांत, म्हणजे बारा तासिकांत, हा प्रवास होतो. तो कसा करायचा, कुठे घसरतो आणि घसरला हे कसं ओळखायचं, ते पाहू.

दोरी बेताची हवी

पहिल्या तासिकेतली पहिली दहा मिनिटं दोरी मापून घेण्यात जातात, आणि ती वाया जात नाहीत. दोरीच्या मधोमध एका पायाने उभं राहायचं आणि दोन्ही टोकं ताणून वर घ्यायची. शिकाऊ मुलाच्या दोरीच्या मुठी काखेपर्यंत यायला हव्यात. त्याहून लांब दोरी जमिनीवर पसरते आणि तिची कमान मोडते, त्याहून आखूड दोरी पायाला किंवा डोक्याला लागते. साधारण १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला सात फुटी दोरी बसते. आठवी-नववीच्या उंच मुलांना आठ फुटी लागते. वर्गात ही दोन मापं ठेवली आणि आठ फुटी दोऱ्यांच्या मुठींना रंगीत चिकटपट्टी लावली, की वाटपात गोंधळ होत नाही. दोरी थोडी लांब वाटली तर मुठीजवळ गाठ मारावी. मनगटाभोवती वेढा घेऊ देऊ नये, कारण मग मनगटच फिरायचं थांबतं.

दोरीला थोडं वजन हवं. सुतळी किंवा पातळ नायलॉनची दोरी हवेत लुळी पडते. तिची कमान कुठे आहे हे हाताला कळत नाही. मणी ओवलेली दोरी शिकवायला सगळ्यात सोयीची. ती आपला आकार धरून ठेवते आणि जमिनीवर टेकताना ठसठशीत आवाज करते. ती परवडत नसेल तर प्लास्टिकची भरीव, पेन्सिलीइतकी जाड दोरी चालते. मुठी मात्र हव्यातच. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे सहा-सहा इंचांचे तुकडे कापायचे, कडा कानशीने घासायच्या, त्यातून दोरी ओवायची आणि बाहेर आलेल्या टोकाला गाठ मारायची. दोरी पाइपात मोकळी फिरते, त्यामुळे तिला पीळ पडत नाही. या लांब मुठीचा खरा उपयोग क्रॉसच्या वेळी होतो, तो पुढे येईलच.

जागा शक्यतो दाबलेल्या मातीची किंवा लाकडी फळ्यांची असावी. सिमेंटच्या ओट्यावर रोज उड्या मारल्या तर नडग्या दुखायला लागतात. हिरवळीत दोरी अडकते. दोन मुलांमध्ये दहा फूट अंतर ठेवलं, की एकाची दोरी दुसऱ्याला लागत नाही. पायात बूट असावेत, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली असावी.

कानाने शिकायची उडी

दोरी हातात दिली की मुलं लगेच उडी मारायला बघतात. तिथे थोडं थांबवावं लागतं. ज्याला दोरी येत नाही, त्याच्यासमोर दोन कामं एकदम येतात, फिरवणं आणि उडणं. ती आधी वेगळी करायची.

पहिलं काम दोरीशिवाय. हलगी किंवा ढोल वाजवायचा आणि प्रत्येक ठोक्यावर जागच्या जागी बारीक उडी मारायची. लेझीम बसवणाऱ्या शाळेत हे वाद्य असतंच. उतरायचं ते चवड्यांवर. टाचा जमिनीला हलक्या टेकल्या तरी चालेल, पण धपकन आपटता कामा नयेत. गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर. शिकवणाऱ्याने इथे डोळ्यांपेक्षा कान वापरावेत. चाळीस मुलं बरोबर उतरत असतील तर मैदानावर बारीक थपथप ऐकू येते. धाडधाड ऐकू आलं, तर मुलं टाचांवर किंवा ताठ गुडघ्यांवर उतरत आहेत, असं समजावं.

दुसरं काम दोरी एका हातात धरून. दोन्ही मुठी उजव्या हातात घ्यायच्या आणि दोरी उजव्या बाजूला पुढे फिरवायची. दोरी जमिनीला टेकली की 'टप्प' आवाज होतो. मनगट कमरेच्या पातळीवर, कोपर अंगाजवळ. हात खांद्यापासून गरगरा फिरवणारं मूल इथे लगेच दिसतं. त्याच्या काखेत रुमाल धरायला द्यावा. रुमाल पडला नाही म्हणजे फिरवणं मनगटातून होतं आहे. मग त्या टप्प आवाजावर उडी मारायची. दोरी बाजूलाच असल्याने अडकण्याची भीती नाही. एका मिनिटाने दोरी डाव्या हातात. या हातावर बहुतेकांची दोरी वेडीवाकडी फिरते, म्हणून त्याला उजव्या हाताहून दुप्पट वेळ द्यावा. पुढे क्रॉसमध्ये जे मूल अडेल, त्याचा अडसर पुष्कळदा या दुबळ्या हातात असतो.

आता दोन्ही हातांत एकेक मूठ. दोरी मागे, टाचांना टेकलेली. ती डोक्यावरून पुढे आणायची आणि पायांच्या पुढे जमिनीवर थांबवायची. उडी नाही, नुसतं आणून थांबवणं. दोन्ही हात एकाच वेळी खाली आले, तर दोरी सरळ रेषेत पडते. एक हात मागे राहिला तर तिरकी पडते, आणि कोणता हात मागे राहिला ते मुलाला स्वतःलाच दिसतं. मग आणून थांबवायची आणि तिच्यावरून उडायचं. मग न थांबवता एक उडी. मग दोन, मग चार. दोन उड्या सलग जमल्या की दहा जमायला फार वेळ लागत नाही, कारण दुसऱ्या उडीत दोरी मागून पुन्हा वर येण्याचं चक्र पूर्ण झालेलं असतं.

मधली उडी कशी जाते

नव्याने शिकणारं मूल दोरीच्या एका फेऱ्यात दोन उड्या मारतं. एक दोरीवरून, एक उगीच मध्ये. ती पाहून शिक्षक वैतागतात आणि 'मधली उडी बंद कर' म्हणून ओरडतात. पण ती उडी ओरडून जात नाही, कारण तिच्यामागे शरीराचं एक कारण आहे. माणूस जागच्या जागी चवड्यांवर उडायला लागला, की पोटऱ्या आणि टाचेमागची शीर मिळून एका सेकंदाला दोनाहून थोड्या जास्त उड्यांची लय आपोआप धरतात. म्हणजे मिनिटाला साधारण १३०. शिकाऊ मूल दोरी फिरवतं मिनिटाला ६० ते ७० फेरे. त्या संथ दोरीवर दर फेऱ्याला दोन उड्या मारल्या, की पायांची नेमकी तीच लय साधते. पाय आपल्या जागी बरोबर असतात, दोरीच संथ असते.

म्हणून मधली उडी काढायची तर हलगीचा वेग वाढवायचा. मिनिटाला ७० ठोक्यांवरून ९०, मग ११०. मनगट जलद व्हायला लागलं, की मधल्या उडीला जागाच उरत नाही आणि ती गळून पडते. सुरुवातीच्या आठवड्यात तिला हात लावू नये. त्या जास्तीच्या उडीमुळे मुलाला दोरीची वाट बघायला सवड मिळते.

वेग वाढला की उंच उडीचा तोटाही आपसूक उघडा पडतो. मिनिटाला १२० फेरे म्हणजे एका फेऱ्याला अर्धा सेकंद. तीन सेंटिमीटरची उडी मारणारा सुमारे ०.१६ सेकंद हवेत असतो, पंधरा सेंटिमीटर उडणारा ०.३५ सेकंद. दुसऱ्याला उतरून, गुडघे सावरून पुन्हा उडायला उरतात जेमतेम ०.१५ सेकंद. तो ताल सांभाळूच शकत नाही. गुडघे पोटाकडे ओढणारं किंवा टाचा मागे झटकणारं मूलही असंच हवेत जास्त वेळ घालवतं. त्याला डोक्यापासून तीन बोटं वर कुणाचा तरी तळवा धरून उडायला लावावं. डोकं तळव्याला लागता कामा नये, एवढी एकच अट. सूचना न देता उडी बुटकी होते.

आधी पाय, मग हात

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बहुतेक मुलांच्या वीस-तीस उड्या सलग होतात. इथे थेट क्रॉसकडे जायचा मोह होतो. पण मध्ये दोन पायऱ्या आहेत आणि दोन्ही गरजेच्या आहेत.

पहिली पायरी पायांची. हातांचा ताल तोच ठेवून पाय बदलायचे. दोन्ही पाय जोडून डावीकडे-उजवीकडे, मग पुढे-मागे. त्यानंतर पाय उघडून उतरायचं, पुढच्या फेऱ्याला जोडून उतरायचं. मग धावती उडी, एकदा उजवा पाय, एकदा डावा. रोप स्किपिंगच्या स्पर्धांत तीस सेकंदांचा वेगाचा प्रकार याच धावत्या उडीने खेळतात आणि पंच फक्त उजव्या पायाचे फेरे मोजतात. या सगळ्यात मूल एक गोष्ट शिकतं : पाय काहीही करोत, मनगटं आपल्या गतीने फिरत राहतात. पाय उघडले की हातही फाकले, असं होत असेल तर ही पायरी अजून झालेली नाही. हात फाकले की दोरीची टोकं लांब जातात, कमान वर उचलली जाते आणि दोरी बोटांना लागते. पाहणाऱ्याला वाटतं, पाय चुकला.

दुसरी पायरी बाजूच्या झोक्याची, आणि माझ्या मते सगळ्या क्रमातली ही सगळ्यात मोलाची पायरी. साध्या उड्या मारता मारता दोन्ही हात जोडून डावीकडे न्यायचे. दोरी उडीखालून न जाता अंगाच्या डाव्या बाजूला टप्प करून जाते. पुढच्या फेऱ्याला उजवीकडे टप्प. मग हात उघडून साधी उडी. डावीकडे, उजवीकडे, उडी, उडी. चार ठोक्यांचा तुकडा. पाय सगळ्या ठोक्यांवर उडत राहतात, दोरी बाजूला असली तरी.

डावीकडच्या झोक्यात उजवा हात कुठे असतो ते बघा. तो पोटासमोरून ओलांडून डाव्या कमरेपलीकडे गेलेला असतो. म्हणजे क्रॉसमधलं निम्मं काम त्याने केलेलंच आहे. आता फक्त डाव्या हाताने उजव्या हातावरून उजवीकडे जायचं बाकी. ज्या मुलाला दोन्ही हात एकदम ओलांडायला सांगितलं की गोंधळ होतो, त्याला या वाटेने एका वेळी एकच हात हलवावा लागतो. म्हणून मी क्रॉस आधी झोक्यातून शिकवतो आणि उघड्या उडीतला क्रॉस त्यानंतर घेतो.

क्रॉस कसा बसतो

क्रॉसमध्ये दोरीचा फेरा तोच असतो. फक्त दोरी डोक्यावरून पुढे येत असताना हात एकमेकांना ओलांडतात. उजवी मूठ डाव्या कमरेपलीकडे, डावी मूठ उजव्या कमरेपलीकडे. दोरीचा फास तयार होतो, त्यातून उडी, आणि दोरी मागून वर येऊन डोक्यावर पोहोचली की हात पुन्हा उघडतात.

यात तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, किती ओलांडायचं. फास शरीराहून रुंद व्हायला हवा, आणि त्याची रुंदी ठरते दोन मुठींमधल्या अंतरावर. नुसती मनगटं ओलांडली तर मुठी पोटासमोरच राहतात आणि फास अरुंद होतो. ओलांडणी कोपरांजवळ व्हायला हवी. मुठींची टोकं बाहेरच्या बाजूला, जमिनीला समांतर. इथे सहा इंची मूठ कामाला येते. प्रत्येक बाजूला ती फासाची रुंदी वाढवून देते. दुसरी, किती खाली. हात छातीपाशी ओलांडले की दोरी तेवढीच वर उचलली जाते. हात बेंबीखाली, कमरेच्या हाडांच्या पातळीवर हवेत. तिसरी, केव्हा. मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या वेगात दोरीला डोक्यावरून पायापर्यंत यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात, तेवढ्यात ओलांडणी पुरी व्हायला हवी. मुलांना सेकंद सांगून उपयोग नाही. त्यांना सांगायचं, 'दोरी डोळ्यांसमोर दिसली की ओलांड, डोक्यावर आली की उघड.'

सराव पायऱ्यांनी घ्यायचा. दोरी न घेता, नुसत्या मुठी धरून ओलांडायचं आणि उलट बाजूच्या खिशाला मुठीने स्पर्श करायचा. मग दोरी मागून आणून, हात ओलांडून, दोरी पायांपुढे जमिनीवर थांबवायची. फास समोर पडलेला दिसतो. तो गोल आणि अंगाहून रुंद असेल तर हात बरोबर गेले. त्यानंतर थांबलेल्या दोरीवरून उडी. मग डावीकडे झोका, क्रॉस, उघडी उडी, उघडी उडी. मग उजवीकडून तेच. दोन्ही बाजू जमल्या की तीन उघड्या उड्या आणि एक क्रॉस. मग एक उघडी, एक क्रॉस. हात ओलांडलेलेच ठेवून सलग क्रॉस मारणं सगळ्यात शेवटी. त्यात मनगटांना ओलांडलेल्या अवस्थेतच फिरावं लागतं आणि खांदे लवकर भरून येतात.

वरचा हात कोणता, हाही प्रश्न असतो. प्रत्येकाला एक हात वर ठेवणं सोपं जातं. पहिल्यांदा सोपा तो घेऊ द्यावा, नंतर दुसरा.

दोरी कुठे लागली ते विचारा

क्रॉसमध्ये दोरी अडकली की मुलाला एकच प्रश्न विचारावा : कुठे लागली? उत्तरातच चूक सापडते. दोरी डोक्याला किंवा कानाला लागली, तर हात लवकर ओलांडले, दोरी अजून मागेच होती. दोन्ही पायांच्या बोटांना समोरून लागली, तर हात उंच राहिले किंवा उशिरा ओलांडले. दोरी पायाखालून गेली पण मागून टाचांना किंवा पोटरीला गुंडाळली, तर हात घाईने उघडले, दोरी डोक्यावर यायच्या आत. आणि एकाच पायाला बाहेरून लागली, तर एक हात पुरता ओलांडला गेला नाही.

ही शेवटची खूण एका मुलीच्या बाबतीत फार स्पष्ट दिसली. साध्या उड्या ती चाळीस-पन्नास सहज मारत होती, ताल पक्का होता. क्रॉस घेतला की दोरी दर वेळी डाव्या पायाच्या करंगळीपाशी अडायची. तिची समजूत अशी, की डावा पाय उशिरा उचलला जातो, म्हणून ती डावा पाय जोरात उचलायला लागली. त्यातून तिचा तालही बिघडला. डाव्या बाजूला फास रुंद करण्याचं काम कोणत्या हाताचं? उजव्या हाताचं, कारण क्रॉसमध्ये डावीकडे तोच असतो. बाजूने पाहिल्यावर दिसलं, की तिची उजवी मूठ नाभीच्या थोडी पुढे जाऊन थांबते आणि मुठीचं टोक खाली, जमिनीकडे वळतं. डावी मूठ मात्र उजव्या कमरेपलीकडे व्यवस्थित जाते.

तिला क्रॉसवरून मागे आणलं. दोन्ही मुठी उजव्या हातात, आणि दोरी डाव्या बाजूला फिरवायची. दोरी सुरुवातीला तिच्याच गुडघ्यांवर आपटत होती, म्हणजे हात तिथपर्यंत पोहोचतच नव्हता. मूठ डाव्या खिशाच्या शिवणीपलीकडे ठेवून, टोक बाहेर रोखून फिरवल्यावर दोरी अंगापासून मोकळी झाली आणि बाजूला टप्प वाजायला लागली. त्या तासिकेत तिने एवढंच केलं. पुढच्या तासिकेला डावीकडचा झोका, त्यातच उजवा हात तिथेच ठेवून डावा ओलांडायचा आणि फास जमिनीवर थांबवायचा. फास आता दोन्हीकडे सारखा पडत होता. त्याच तासाला झोक्यातून क्रॉसची उडी बसली. पायांबद्दल तिला एक शब्दही सांगावा लागला नाही. तीन उघड्या उड्यांनंतरचा क्रॉस मात्र आणखी आठवडाभराने जमला, कारण तिथे उजव्या हाताला झोक्याची मदत नव्हती. तिथपर्यंत त्याला स्वतःहून जावं लागत होतं.

दम आणि प्रमाण

दोरीला दम भारी लागतो. मिनिटाला शंभराच्या आतल्या संथ उड्यांतही शरीर बसल्या जागेच्या सुमारे नऊपट ऊर्जा खर्च करतं. १०० ते १२० च्या वेगाला तो खर्च जवळपास बारापट होतो. म्हणून 'सगळ्यांनी दोन मिनिटं उड्या मारा' हा हुकूम शिकाऊ वर्गाला झेपत नाही. अर्ध्या मिनिटानंतर खांदे वर चढतात, हात फाकतात, उडी जड होते आणि मूल चुकीच्या हालचालीचाच सराव करायला लागतं. दमलेल्या अंगाला नवी गोष्ट शिकवता येत नाही. म्हणून नवी पायरी तासिकेच्या सुरुवातीला घ्यावी आणि दम वाढवणारं काम शेवटी, तेही आधी पक्क्या झालेल्या उडीवर.

तिघांचा गट यासाठी उत्तम. एकाने वीस सेकंद उड्या मारायच्या, दुसऱ्याने मोजायच्या, तिसऱ्याने एकच गोष्ट बघायची, उदाहरणार्थ कोपर अंगाजवळ आहेत का. दर वीस सेकंदांना शिट्टी आणि बदली. प्रत्येकाला वीस सेकंद काम आणि चाळीस सेकंद विश्रांती मिळते. सहा फेऱ्या म्हणजे सहा मिनिटं, आणि प्रत्येकाच्या साधारण दोनशे उड्या. पहिल्या दोन आठवड्यांना एवढं पुरे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात जोड्या करून तीस सेकंद काम, तीस सेकंद विश्रांती घ्यावी. त्याने उड्यांची संख्या दीडपट होते. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं मजबूत करणारे व्यायाम सुचवते. उडी हा त्या दुसऱ्या प्रकारातला व्यायाम आहे, कारण जमिनीवर उतरतानाचा धक्का हाडांना घट्ट व्हायला लावतो.

तो धक्काच जास्त झाला तर त्रासही देतो. नडगीच्या आतल्या कडेला, टाचेमागे किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखतं, असं वाढत्या वयातल्या मुलाने सांगितलं, तर त्या दिवशी उड्या बंद. त्याने बाजूला दोरी फिरवून हातांचा सराव करावा. दुखणं आठवडाभर राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं. दम्याच्या मुलाने आपला पंप जवळ ठेवावा आणि छाती भरून आल्यास लगेच थांबावं. वजन जास्त असलेल्या मुलाने दोरीवरून उडी न मारता एकेक पाय टाकत ती ओलांडावी. ताल आणि मनगट त्याचंही तितकंच शिकतं, गुडघ्यांवरचा भार मात्र कमी राहतो.

आणखी एक गोष्ट नीट सांगायला हवी. दोरीवर हात-पाय जुळले, म्हणजे क्रिकेटमध्ये झेल आपोआप सुटेनासे होतील असं नाही. शरीर जे काम करतं, त्याचीच जुळणी मुख्यतः सुधारते. दोरीतून मिळतो तो ताल, चवड्यांवरची चपळाई, पोटऱ्यांची ताकद आणि दम. ही शिदोरी इतर खेळांत उपयोगी पडते, पण त्या त्या खेळाचा सराव वेगळा करावाच लागतो.

परीक्षा कशाची घ्यायची

बाराव्या तासिकेला नुसत्या उड्या मोजल्या, तर ज्याला आधीपासून येत होतं तोच पुढे जातो. त्याऐवजी सोळा ठोक्यांचा एक तुकडा द्यावा. चार साध्या उड्या, चार पाय उघड-जोड, मग डावीकडे झोका, उजवीकडे झोका, दोन उघड्या उड्या, आणि शेवटी क्रॉस, उघडी, क्रॉस, उघडी. हलगी मिनिटाला शंभरच्या आसपास. हा तुकडा जेमतेम दहा सेकंदांत संपतो, म्हणून दम आड येत नाही आणि कौशल्य तेवढं दिसतं. ज्याला क्रॉस जमला नाही, त्याने त्या जागी झोके घ्यावेत. ज्याला झोकाही जमला नाही, त्याने साध्या उड्या. पण ताल सोळाही ठोके टिकायला हवा.

नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे गुण लिहिण्याआधी तो कोणत्या पायरीवर आहे ते लिहावं : एका हाताने बाजूला, आणून थांबवणं, सलग साधी, पायांचे प्रकार, झोका, झोक्यातून क्रॉस, मोकळा क्रॉस. सहा आठवड्यांत सगळा वर्ग शेवटच्या पायरीवर पोहोचत नाही, आणि पोहोचायलाच हवा असंही नाही. पुढच्या वर्षी तो वर्ग पुन्हा दोरी हातात घेईल तेव्हा प्रत्येकाला नेमकं कुठून सुरू करायचं ते या नोंदीतून कळेल. ज्यांचा मोकळा क्रॉस पक्का झाला, त्यांच्यासाठी उलटी दोरी तयार आहे. मागे फिरवलेल्या दोरीत क्रॉस घेताना ओलांडायची वेळच बदलते, आणि मुलाला तो पुन्हा पहिल्या पायरीपासून, आणून थांबवण्यापासून, बसवावा लागतो.